शंभर रुपयांची सूट: मुलांचा शिक्षण भत्ता, वसतिगृह भत्ता आणि करपात्र पगार

दरवर्षी जून-जुलैत ओळखीतले दोन-चार जण फॉर्म 16 घेऊन माझ्याकडे येतात. मी काही सीए नाही. हिशेब विभागात बरीच वर्षं काढली आणि कागद वाचायची सवय लागली, एवढंच. यंदा एक बाई आल्या त्या थेट तक्रार घेऊनच. "मुलांच्या शिक्षणाचे म्हणून ऑफिसने मला वर्षात दीड लाखाच्या वर दिले, आणि फॉर्म 16 वर करमुक्त किती? सहा हजार! कुठेतरी शून्य राहिलंय हो यांचं."

शून्य राहिलं नव्हतं, आकडा बरोबर होता. त्यांच्या मनात दोन वेगळ्या मर्यादांची गल्लत झाली होती. ती इतक्या जणांची होते की एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

पहिली मर्यादा तुम्हाला नोकरी देणारा ठरवतो: मुलाच्या शिक्षणासाठी तो तुम्हाला किती देणार. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 1 जानेवारी 2024 पासून हा दर एका मुलामागे महिना 2,812 रुपये 50 पैसे आहे. मूल वसतिगृहात असेल तर वसतिगृहासाठी महिना 8,437 रुपये 50 पैशांपर्यंत मिळतात. सातव्या वेतन आयोगानंतर हे दर 2,250 आणि 6,750 होते. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की यात 25 टक्के वाढ करायची असं ठरलेलं होतं, त्याप्रमाणे ती झाली. खासगी कंपनीत हा आकडा कंपनीच्या मर्जीवर असतो. कुठे महिन्याला दोनशे रुपये, कुठे दोन हजार, कुठे काहीच नाही.

दुसरी मर्यादा आयकर कायद्याची: मिळालेल्या पैशातले किती करातून सुटणार. 2025-26 पर्यंतच्या पगारासाठी ती 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(14) आणि त्याखालच्या नियम 2बीबीमध्ये आहे. शिक्षण भत्त्यासाठी एका मुलामागे महिना 100 रुपये, वसतिगृह भत्त्यासाठी एका मुलामागे महिना 300 रुपये, आणि दोन्ही ठिकाणी जास्तीत जास्त दोन मुलं. पंचवीसहून जास्त वर्षं हे आकडे जागचे हलले नाहीत. शंभर रुपयांत आता मुलाची वह्या-पुस्तकंही येत नाहीत, पण नियमात शंभर म्हणजे शंभर. नोकरी देणारा पहिली मर्यादा वाढवत गेला, दुसरी तशीच राहिली, आणि मधलं अंतर करपात्र होत गेलं.

हिशेब महिन्यावारी होतो. प्रत्येक महिन्यात प्रत्येक मुलासाठी मिळालेला भत्ता आणि नियमातली मर्यादा यातला जो आकडा लहान, तेवढाच सुटतो. समजा कंपनी एका मुलासाठी महिना 1,500 रुपये शिक्षण भत्ता देते. त्यातले 100 सुटले, 1,400 पगारात मिळून करपात्र झाले. उलट कंपनी वसतिगृहासाठी महिना 250 रुपयेच देत असेल तर 250 सुटतील, 300 नाही. न मिळालेल्या पन्नास रुपयांवर सूट मागता येत नाही. मूल एकच असेल तर दुसऱ्या मुलाच्या वाटचे शंभरही त्यात घालता येत नाहीत.

महिन्याची अट लोक विसरतात ती वसतिगृहाच्या बाबतीत. मुलगी जुलैत वसतिगृहात गेली आणि नोव्हेंबरअखेर तुम्ही नोकरी सोडली, तर मोजायचे महिने पाच. पाच गुणिले 300, म्हणजे 1,500 रुपये. वर्षाचे 3,600 सरसकट लिहिले की चूक. रक्कम बारीक असते म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण फॉर्म 16 आणि रिटर्न यातला फरक यंत्राला लगेच दिसतो.

शिक्षण भत्त्याची सूट मिळायला तुम्ही शाळेला शंभरच रुपये दिले की लाख, हे आयकर बघत नाही. ठरलेली रक्कम ठरल्याप्रमाणे सुटते. मात्र तो भत्ता पगारात असायला हवा आणि मूल तुमचं असायला हवं. दत्तक आणि सावत्र मूलही कायद्याच्या व्याख्येत येतं. नातू-नात किंवा भाचा येत नाही, मग त्याचं शिक्षण पूर्णपणे तुम्हीच करत असलात तरी.

आता त्या बाईंचा हिशेब. नाव बदलून, आकडे गोळाबेरीज करून मांडतो. समजा सुनंदाताई नागपुरात केंद्र सरकारच्या कार्यालयात आहेत. मुलगी दहावीत, घरून शाळेला जाते. मुलगा आठवीत, वर्ध्याच्या निवासी शाळेत वसतिगृहात राहतो. वसतिगृहाचा पैसा मिळण्यासाठी शाळा घरापासून किमान 50 किलोमीटर लांब असावी लागते. नागपूर-वर्धा अंतर त्याहून जास्त आहे, म्हणून तो त्यांना मिळतो. ही अट केंद्र सरकारच्या कर्मचारी नियमांतली आहे, आयकराची नाही. दोघांच्या अटी वेगळ्या असतात हे इथेही लक्षात ठेवायचं.

शिक्षण भत्ता दोन्ही मुलांचा: 2,812.50 गुणिले 12 गुणिले 2, म्हणजे 67,500 रुपये. हा ठरलेल्या दराने मिळतो, प्रत्यक्ष फी कितीही असली तरी. शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला लावला की काम होतं. वसतिगृहाचं तसं नाही. तिथे शाळेच्या दाखल्यात राहण्या-जेवणाचा खर्च किती झाला ते लिहावं लागतं, आणि तो खर्च किंवा दराची मर्यादा यातलं जे कमी ते मिळतं. मुलाचा वर्षाचा खर्च 1,20,000 झाला, म्हणून त्यांना पूर्ण मर्यादा मिळाली: 8,437.50 गुणिले 12, म्हणजे 1,01,250 रुपये. एकूण 1,68,750. हे पैसे वर्ष संपल्यावर एकदम मिळतात. त्यामुळे 2024-25 या शैक्षणिक वर्षाचे पैसे 2025-26 च्या पगारात दिसतात. रक्कम एकदम मोठी वाटायचं तेही एक कारण.

यातलं करमुक्त किती? शिक्षण भत्त्याचे दोन मुलांचे 100 गुणिले 12 गुणिले 2, म्हणजे 2,400. वसतिगृहाचे एका मुलाचे 300 गुणिले 12, म्हणजे 3,600. बेरीज 6,000. उरलेले 1,62,750 रुपये पगारासारखेच करपात्र. सुनंदाताईंच्या फॉर्म 16 वरचा सहा हजारांचा आकडा तो हाच.

आता या सहा हजारांनी कर किती वाचतो ते पाहू, कारण खरी निराशा इथे आहे. ही सूट उत्पन्नातून जाते, करातून नाही. "सहा हजार सुटले" म्हणजे सहा हजार रुपयांचा कर वाचला असं नव्हे, सहा हजारांवरचा कर वाचला.

सुनंदाताईंचा बाकीचा पगार 10,00,000 धरू. सरकारी क्वार्टरमध्ये राहतात, त्यामुळे घरभाड्याची भानगड नाही. भत्ते मिळवून एकूण पगार 11,68,750. जुन्या करप्रणालीत त्यातून आधी 6,000 गेले. मग 50,000 ची प्रमाणित वजावट गेली आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 2,500 गेला. कलम 80सी खाली भविष्य निर्वाह निधी, विमा, मुलांची ट्युशन फी वगैरे मिळून पूर्ण 1,50,000 धरले. करपात्र उत्पन्न उरलं 9,60,250. अडीच लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर 5 टक्के म्हणजे 12,500, आणि पाच लाखांच्या वरच्या 4,60,250 वर 20 टक्के म्हणजे 92,050. कर 1,04,550. त्यावर 4 टक्के उपकर लावून 1,08,732 रुपये.

सहा हजारांची सूट नसतीच तर? तेवढ्याच रकमेवर 20 टक्के, म्हणजे 1,200, अधिक उपकराचे 48. एकूण 1,248 रुपये जास्त भरावे लागले असते. दीड लाखावर मिळालेल्या भत्त्यामागे वाचलेला कर एवढाच. दोन्ही मुलं वसतिगृहात असती तरी वर्षाची सूट 9,600 च्या वर जात नाही. 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचेही त्यातून तीन हजारांच्या आतच वाचतात.

आणि एवढं करून हा सगळा हिशेब जुन्या करप्रणालीतलाच. नव्या करप्रणालीत, म्हणजे कलम 115बीएसीमध्ये, शिक्षण भत्त्याची आणि वसतिगृह भत्त्याची सूट मिळतच नाही. तिथे भत्त्याचा पैसा अन् पैसा पगारात मिळतो. 2023-24 पासून नवी प्रणाली हीच मूळ धरलेली आहे. तुम्ही ऑफिसला काही कळवलं नाही, तर तिच्याच हिशेबाने पगारातून कर कापला जातो. कितीजण विचारतात, "माझ्या सॅलरी स्लिपवर भत्ता आहे, मग फॉर्म 16 मध्ये सूट का नाही?" बहुतेक वेळा उत्तर हेच असतं.

मग सुनंदाताईंनी जुनी का निवडली होती? "सूट मिळते म्हणून!" त्या म्हणाल्या. मी नव्या प्रणालीचा हिशेब समोर ठेवला. 11,68,750 मधून नव्या प्रणालीतली 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, उरले 10,93,750. 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे जुन्यात एक लाख आठ हजार, नव्यात शून्य. 1,248 रुपये वाचवायला त्या लाखभर रुपये मोजत होत्या. बाई काही क्षण गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "आता?" आता म्हणजे रिटर्नमध्ये नवी प्रणाली निवडायची आणि कापलेला कर परत मागायचा. पगारदाराला धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, ऑफिसला काहीही सांगितलेलं असो. उलट जुनी निवडायची असेल तर मात्र रिटर्न मुदतीतच भरावं लागतं, उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी मिळत नाही.

सुनंदाताईंना असं सांगितल्यावर त्यांच्या सहकारी बाईंनी एक वेगळीच गोष्ट विचारली. त्यांच्या मिस्टरांची कंपनी मुलीच्या शाळेची फी थेट शाळेच्या खात्यात भरते. "मग त्यांना शंभर रुपयांची सूट?" नाही. कंपनीने पगाराबरोबर रोख दिलेली ठरावीक रक्कम म्हणजे भत्ता, आणि कलम 10(14) फक्त भत्त्याला लागू. कंपनीने तुमच्या वतीने फी भरली तर तो भत्ता राहत नाही, ती सुविधा होते, आणि तिचं मूल्य पगारात मिळवून कर लागतो. कंपनीची स्वतःची शाळा असेल आणि तिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांना फुकट शिकवत असतील, तर त्या सुविधेचा नियम आणखी वेगळा. तिथे 2025-26 पर्यंतच्या पगारात एका मुलामागे महिना 1,000 रुपयांपर्यंतच्या मूल्यावर कर नाही. साखर कारखान्यांच्या किंवा मोठ्या प्रकल्पांच्या वसाहतींत अशा शाळा पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. तीन मार्ग, तीन हिशेब. पगारपत्रकावर ओळ कुठल्या नावाने आहे आणि पैसा कुणाच्या खात्यात गेला हे आधी बघायचं.

80सी खालची ट्युशन फी हा चौथाच विषय. तिथे तुम्ही प्रत्यक्ष भरलेली ट्युशन फी मोजतात, दोन मुलांपर्यंत, दीड लाखांच्या एकूण मर्यादेत. देणगी, विकास निधी, बसचं भाडं, वसतिगृहाची फी त्यात येत नाही. भत्त्यावरची सूट घेतली म्हणून ट्युशन फीची वजावट जात नाही आणि ट्युशन फी दाखवली म्हणून भत्त्यावरची सूटही जात नाही. दोन्ही जुन्या प्रणालीतच. भत्त्यावरची सूट पगाराच्या पायरीवरच वजा होते, 80सी सगळ्यात शेवटी एकूण उत्पन्नातून. हा क्रम माहीत असला की फॉर्म 16 वाचणं सोपं जातं.

तर फॉर्म 16 चा भाग बी उघडा. पहिल्या मुद्द्यात एकूण पगार असतो. शिक्षण भत्ता आणि वसतिगृह भत्ता पूर्ण रकमेने यातच आलेले असतात. दुसऱ्या मुद्द्यात कलम 10 खाली करमुक्त असलेले भत्ते वजा केलेले असतात. घरभाडं भत्ता, रजा प्रवास सवलत यांच्या स्वतंत्र ओळी असतात. शिक्षण भत्त्याची बहुधा वेगळी ओळ नसते, "इतर सूट" या ओळीत त्याची रक्कम मिसळलेली असते. तिथे तुमचे 2,400 किंवा 6,000 दिसायला हवेत. त्याच्या पुढे प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर.

चुका होतात त्या इथून रिटर्नकडे जाताना. सगळ्यात जास्त दिसते ती दुहेरी वजाबाकी. माणूस दुसऱ्या मुद्द्यानंतर उरलेला, सूट आधीच गेलेला आकडा उचलतो, तो रिटर्नमध्ये एकूण पगार म्हणून लिहितो आणि खाली पुन्हा सूट मागतो. ओळखायची खूण अशी: रिटर्नमधला एकूण पगार फॉर्म 16 च्या पहिल्या मुद्द्याशी जुळला पाहिजे. तो नेमका सूटीइतकाच कमी असेल तर चूक झाली. पोर्टलवर सूट भरताना भत्त्यांच्या यादीतून `10(14)(ii)` ने सुरू होणारी नोंद निवडायची. तिच्या शेजारीच `10(14)(i)` असते. ती कामावर प्रत्यक्ष खर्च करण्यासाठी दिलेल्या भत्त्यांची, म्हणजे कामाच्या प्रवासाची वगैरे. मुलांचा भत्ता त्यात बसत नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर. ज्यांच्या पगारात हा भत्ता नाहीच, तेही "मुलं दोन आहेत" म्हणून 2,400 मागतात. मुलं असणं पुरेसं नाही, भत्ता मिळायला हवा. खासगी कंपन्यांत पगाराची मोडतोड करताना एचआरवाले कधी कधी महिना 200 रुपयांची शिक्षण भत्त्याची ओळ घालतात, तेवढीच रक्कम स्पेशल अलाउन्समधून कमी करून. हातात येणारा पगार बदलत नाही, फक्त 2,400 सुटायची सोय होते. तुमच्या पगारात अशी ओळ नसेल आणि तुम्ही जुन्या प्रणालीत असाल, तर एप्रिलमध्ये एचआरला विचारायला हरकत नाही. वर्ष संपल्यावर मागे जाऊन ती ओळ घालता येत नाही.

आणखी एक प्रसंग येतो. ऑफिसने नव्या प्रणालीने कर कापला, म्हणून फॉर्म 16 वर सूट शून्य. रिटर्न भरताना तुम्ही हिशेब केला आणि जुनी फायद्याची निघाली. मग सूट फॉर्म 16 मध्ये नाही म्हणून सोडून द्यायची नाही, स्वतः मोजून रिटर्नमध्ये भरायची. त्यासाठी बारा महिन्यांची पगारपत्रकं आणि मूल वसतिगृहात असल्याचा शाळेचा दाखला जपून ठेवायचा, कारण फॉर्म 16 पेक्षा जास्त मागितलेल्या सूटीवर विचारणा येऊ शकते.

आता नवीन काय, ते. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा आयकर कायदा 2025 ने घेतली आहे. त्याखालच्या नियमांचा मसुदा फेब्रुवारी 2026 मध्ये आला, तेव्हा पगारदारांचं लक्ष सगळ्यात आधी याच दोन आकड्यांकडे गेलं. शिक्षण भत्त्याची मर्यादा एका मुलामागे महिना 100 वरून 3,000, आणि वसतिगृह भत्त्याची 300 वरून 9,000 करायचं त्यात मांडलं होतं. मुलं दोनच. एक सांभाळायचं: 2025-26 च्या पगाराचं रिटर्न तुम्ही 2026 च्या जुलैत भरत असलात, तरी त्याला जुना कायदा आणि शंभर-तीनशेच लागतात. नवे आकडे वाचून कुणी मागच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये 72,000 लिहून बसू नका.

हे आकडे केंद्र सरकारच्या दरांशेजारी ठेवून बघा. 3,000 आणि 2,812.50. 9,000 आणि 8,437.50. मर्यादा भत्त्याच्या जरा वर आहे. म्हणजे या मापाने मोजलं तर सुनंदाताईंचे 67,500 आणि 1,01,250 दोन्ही पूर्ण सुटतात. सहा हजारांऐवजी 1,68,750. जुन्या प्रणालीत त्यांचं करपात्र उत्पन्न 7,97,500 वर येतं, आणि 1,08,732 चा कर 74,880 होतो. जवळजवळ 34 हजारांचा फरक. तरीही नव्या प्रणालीत त्यांचा कर शून्यच होता, त्यामुळे त्यांच्यासाठी उत्तर बदलत नाही.

बदलतं ते जरा वरच्या पगारावर. त्याच कार्यालयात दुसरे एक जण आहेत असं धरा. बाकीचा पगार 13 लाख, मुलं आणि भत्ते सुनंदाताईंसारखेच. 80सीचे दीड लाख, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे जादाचे 50,000, आणि राहत्या घराच्या कर्जाचं व्याज 2 लाख. नव्या प्रणालीत त्यांना उपकरासह 92,625 रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत, शंभर-तीनशेच्या मर्यादेने, येतो 1,20,198. म्हणजे नवी बरी. पण स्लॅब तेच ठेवून 3,000-9,000 च्या मर्यादेने मोजलं, तर त्यांचं जुन्यातलं करपात्र उत्पन्न 8,47,500 वर उतरतं आणि कर 85,280 होतो. आता जुनी प्रणाली सात हजारांनी स्वस्त. पलडा इकडचा तिकडे झाला तो भत्त्यांवरच्या सूटीमुळे. घरकर्ज नसतं तर झाला नसता.

म्हणून एप्रिलमध्ये ऑफिसला प्रणाली कळवायचा कागद भरताना मागच्या वर्षीचंच उत्तर लिहून मोकळं होऊ नये. एका कागदावर दोन रकाने आखायचे, जुनी आणि नवी. जुनीच्या रकान्यात भत्ता किती मिळणार आणि त्या वर्षाच्या नियमाने त्यातला किती सुटणार हे दोन वेगळे आकडे लिहायचे. सुनंदाताईंनी यंदा तसा कागद आखला. वसतिगृहाच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलने महिने लिहिले: दहा. मुलगा नववीनंतर घरी परत येणार आहे म्हणे, मेसचं जेवण त्याला काही मानवलेलं नाही.